परदेशात डॉक्टरला दाखवायचं तक्रारींचं कार्ड: या चुका टाळा

लातूर-परभणीकडचे आई-वडील मुलाकडे अमेरिकेला किंवा इंग्लंडला जायचे ठरले की घरातलं कुणीतरी इंटरनेटवरून इंग्रजी लक्षणांची यादी उतरवतं, त्याचं मराठी करतं आणि कार्ड तयार झालं म्हणतं. बहुतेक कार्डं इथंच बिघडतात. यादीत 'भोवळ', 'श्वसनास त्रास', 'अस्वस्थता' असतं. आजी मात्र म्हणते, "गरगरायलंय, दम लागायलाय, कसंतरी व्हायलंय." स्वतःच्या तोंडातलं वाक्य कार्डावर सापडलं नाही तर ती बोट कशावर ठेवणार? म्हणून आधी पाच-सहा दिवस त्यांचं बोलणं ऐकून जसंच्या तसं टिपून घ्या. इंग्रजी नंतर लिहा.

सगळ्यात घात करणारं वाक्य म्हणजे "जीव घाबरायलाय." घाईत त्याचं इंग्रजी 'आय ॲम स्केअर्ड' असं होतं. ते वाचून डॉक्टरला वाटतं की म्हातारीला भीती वाटतेय, आणि तो धीर द्यायला लागतो. इकडे तिची साखर उतरलेली असू शकते किंवा हृदयाचा त्रास सुरू झालेला असू शकतो. वयस्कर आणि मधुमेही माणसाला हार्ट ॲटॅक छातीत न दुखताही येतो. नुसता घाम, दम आणि गळाठा एवढंच दिसतं. म्हणून या एका वाक्याला कार्डावर अर्धं पान द्या. वर त्यांचं वाक्य, त्याच्या इंग्रजीत भीतीचा शब्द नको, 'आय सडनली फील व्हेरी अनवेल' पुरे. खाली खुणेसाठी चौकटी: दरदरून घाम, हातपाय थरथरणं, छातीत धडधड, छातीवर दाब, दम, डोळ्यांपुढे अंधारी. त्याखाली तीन प्रश्न: केव्हा सुरू झालं, शेवटचं जेवण केव्हा, साखरेची गोळी किंवा इन्सुलिन केव्हा घेतलं. उपाशीपोटी घाम आणि थरथर या दोन चौकटींवर खूण असेल तर डॉक्टर आधी साखर तपासेल. छातीवर दाब आणि दम असेल तर आधी ईसीजी काढेल.

"गॅस झालाय" हीसुद्धा तक्रार नव्हे, तो आपणच केलेला निष्कर्ष आहे. तिथं जागा आणि जाणीव लिहा: बेंबीच्या वर जळजळ, की छातीच्या मधोमध दाब?

हात आणि पाय या शब्दांनीही घोळ होतो. आपला 'पाय' मांडीपासून बोटांपर्यंत असतो, इंग्रजीत त्याचे दोन वेगळे शब्द होतात. शरीराचं चित्र छापलं तर समोर तोंड केलेल्या आकृतीचा डावा हात आपल्या उजवीकडे येतो आणि म्हातारी माणसं हमखास चुकीच्या बाजूला बोट ठेवतात. त्यापेक्षा 'इथं दुखतंय' एवढंच वाक्य ठेवा आणि स्वतःच्या अंगावर हात ठेवून दाखवायला सांगा.

हो-नाहीचा गोंधळ तर दिसतही नाही. डॉक्टर विचारतो, "छातीत दुखत नाही ना?" आपलं माणूस म्हणतं "हो", म्हणजे दुखत नाही. डॉक्टर ऐकतो, दुखतंय. त्यात मान हलवण्याची आपली तऱ्हा वेगळीच. कार्डावर 'दुखतंय' आणि 'दुखत नाही' अशी दोन मोठी चौकोनं करा आणि वर डॉक्टरसाठी एक इंग्रजी ओळ टाका: प्रश्न सरळ विचारावा, बोटाने दाखवलेलं उत्तर धरावं.

औषधांची इथली कंपनीची नावं तिकडे कुणी ओळखत नाही. मेटफॉर्मिन 500 मिलिग्रॅम, सकाळ-रात्र, अशी मूळ औषधाची नावं लिहा. पॅरासिटामॉलला अमेरिकेत ॲसिटामिनोफेन म्हणतात, तेही टाका. नाहीतर दोन नावांनी एकच गोळी दुप्पट पोटात जाते. साखरेच्या आकड्यापुढे एकक हवंच. आपला 180 म्हणजे इंग्लंडच्या मोजणीत 10, कारण तिथं 18 ने भागलेला आकडा चालतो. तंबाखू-मिश्रीची ओळ वेगळी करा. "सिगारेट ओढता का?" याला आजी खरंच नाही म्हणेल आणि विषय तिथंच संपेल.

प्रत्येक तक्रारीला तीन ओळी: मराठी, रोमन लिपीतलं इंग्रजी, आणि तेच इंग्रजी देवनागरीत. अक्षर किमान 18 पॉइंट, एका पानावर सहापेक्षा जास्त तक्रारी नकोत. मग फक्त इंग्रजी भाग अशा माणसाला द्या ज्याने मराठी पाहिलेलं नाही, आणि त्याला त्याचं मराठीत सांगायला लावा. जिथं आजी "तसं न्हाई" म्हणेल, ती ओळ बदला.

पहिल्या पानावर एक वाक्य ठळक ठेवा: 'मला मराठी दुभाषा हवा, नसेल तर हिंदी चालेल.' मराठवाड्यातल्या बऱ्याच म्हाताऱ्यांना हिंदी समजतं, आणि हिंदीचा दुभाषा लवकर मिळतो. अमेरिकेत सरकारी निधी घेणाऱ्या दवाखान्यांना दुभाषा मोफत द्यावा लागतो, फोनवर का होईना. ऑपरेशनच्या संमतीची बोलणी कार्डावर करू नका, तिथं दुभाषाच लागतो. आणि तोंड वाकडं झालं, बोबडी वळली किंवा छातीवर दाब आला, तर कार्ड शोधत बसू नका. अमेरिकेत 911, इंग्लंडमध्ये 999 लावा.