मिंक ब्लँकेट धुतल्यावर गोळे का होतात?

मिंकचा गोळा आणि लोकरीचा गोळा, दोन्ही दिसायला सारखे, पण कारणं वेगळी.

मिंक म्हणजे बहुतेक वेळा पॉलिस्टर. गरम पाणी, ड्रायर किंवा इस्त्रीच्या उष्णतेने त्याच्या केसांची टोकं आखडतात आणि एकमेकांत अडकतात. एकदा आखडली की ती पुन्हा सरळ होत नाहीत. म्हणून गार पाणी, थोडा लिक्विड साबण आणि जेंटल सायकल. फॅब्रिक सॉफ्टनर नको, त्याचा थर बसून केस चिकटतात. दमट असतानाच झटका आणि मऊ ब्रश एकाच दिशेने फिरवा. वाळत सावलीत घाला. नवं असताना पहिल्या एक-दोन धुण्यांत गळणारे केस बहुधा कापताना राहिलेले सुटे असतात. तिसऱ्या धुण्यानंतरही मूठभर निघत असतील तर वीणच सैल आहे.

लोकरीच्या तंतूवर खवले असतात. कोमट पाण्यात चोळलं की ते एकमेकांत रुततात आणि ब्लँकेट आटून नमद्यासारखं होतं. सोडा तर नकोच. ते गार पाण्यात नुसतं दाबून धुवा, पिळू नका, आडवं पसरून वाळवा.

उबेला दोन्ही चांगली. पण लोकर घाम शोषते, मिंकमध्ये मात्र पहाटे पाठ चिकचिकते. आमच्याकडे म्हणून मिंकखाली सुती चादर असते.