फोटोतल्या प्रीमियम तक्त्यातून वय आणि विमा रकमेचा शोध

पंचवटीत विम्याचं काम करणाऱ्या मामांकडे आरोग्य विम्याचा तक्ता फक्त फोटोत होता. मोबाइलवरच्या एक्सेलने तो शीटमध्ये आणला, पण काही आकडे सेलच्या डाव्या कडेला चिकटले, म्हणजे ते मजकूर म्हणून आले होते. ते पुन्हा टाइप केले. `=COUNT(B2:E7)` चं उत्तर 24 आल्यावर सगळे आकडे खरे आकडे झाल्याची खात्री पटली. वय वाढलं की प्रीमियम वाढायला हवा. जिथे खालचा आकडा कमी दिसला तिथे 8 चा 3 वाचला गेला होता.

खरी अडचण वयोगटाची. ‘46-50’ मध्ये 48 सापडत नाही. म्हणून A2 पासून फक्त गटाचं सुरुवातीचं वय लिहिलं: 18, 36, 46, 51, 56, 61. वरच्या ओळीत 300000, 500000 अशा रकमा. H1 मध्ये वय, H2 मध्ये रक्कम:

```
=INDEX(B2:E8,MATCH(H1,A2:A8,1),MATCH(H2,B1:E1,0))
```

वयासाठी 1, म्हणजे तेवढं किंवा त्याखालचं सर्वांत जवळचं; त्यासाठी वयं चढत्या क्रमानेच हवीत. रकमेसाठी 0, तंतोतंत. 48 आणि 500000 दिल्यावर 46 ची ओळ मिळते. तक्ता 65 ला संपतो, तरी 70 टाकल्यावर 61 चाच प्रीमियम यायचा, आणि हे फार धोक्याचं. म्हणून A8 मध्ये 66 लिहून त्या ओळीत ‘कंपनीला विचारा’ भरलं. मामांना सांगितलंय, 45 आणि 46 दोन्ही टाकून फोटोशी ताडून बघा.