किल्ल्यातली लोखंडी पेटी उघडणारी कथा लिहिताय? या चुका टाळा

जुन्या किल्ल्यात बंद लोखंडी पेटी सापडते आणि कुलूपवाल्याच्या हाताखाली शिकणारा पोरगा ती उघडतो. कथेचं बीज उत्तम आहे. तरी अशा कथा नेमक्या पेटी उघडताना ढेपाळतात, कारण कुलूप कसं चालतं हे लेखकाने पाहिलेलंच नसतं.

केसांच्या पिनेने ‘खट्’

सगळ्यात जास्त दिसणारी चूक हीच. पोरगा वाकडी तार आत घालतो, कान लावतो, खट् आवाज येतो आणि पेटी उघडते. तारेने एकेक खिळा उचलायची युक्ती चालते ती आजच्या दाराच्या कुलपाला, आणि अमेरिकन कुलूपकार लायनस येलचं तसलं कुलूप 1860च्या दशकातलं. तुमची पेटी वसईच्या किल्ल्यातली, म्हणजे 1739 साली चिमाजी अप्पांनी तो जिंकण्याआधीची पोर्तुगीज अमदानीतली असेल, तर आतली रचना वेगळी हवी.

त्या काळी जर्मनीतल्या न्यूरेम्बर्गकडे बनणाऱ्या लोखंडी पेट्या युरोपभर जात. त्यांचं कुलूप समोर नसे, झाकणाच्या आतल्या बाजूला असे. एकच मोठी किल्ली फिरवली की आठ-दहा खिट्ट्या एकदम आत ओढल्या जात. समोर नक्षीदार भोक असे, पण ते चोराला फसवायला. खरं भोक झाकणाच्या मधोमध, सरकत्या पट्टीखाली किंवा खोट्या रिव्हेटखाली लपवलेलं. तुमच्या कथेचं अर्धं काम या रचनेतच झालेलं आहे.

उस्तादाला गावाला पाठवणं

पोराला मोठं करायचं म्हणून उस्तादाला आजारी पाडतात. मग पोरगा जे करतो ते त्याला कुठून आलं, हे कळत नाही. उस्तादाला तिथेच बसवा. समजा पोरगा दिनू. तो सकाळपासून समोरच्या भोकाशी झटतोय. हुक आत जातो, पण कशालाच अडकत नाही.

“उस्ताद, आत काहीच लागत नाही.”

“मग तिथे काही नसेल. झाकण चाचप.”

दिनू पट्ट्यांवरचं एकेक रिव्हेट बोटाने दाबत जातो. बाकीची ठोकून बसवलेली आहेत, मधलं एक किंचित हलतं. एवढं त्याने स्वतः शोधलं तरी वाचकाला पटतं.

गंज विसरणं

भोक सापडलं आणि किल्ली फिरली, असं होत नाही. वसईच्या खाऱ्या हवेत लोखंड गंजून फुगतं आणि खिट्ट्या आपल्या घरात घट्ट बसतात. जोर लावला तर किल्लीच पिळवटून आत मोडेल, आणि मग उघडायला पेटी कापावी लागेल. तेल सोडून थांबायचं, झाकणाच्या कडेने लाकडी हातोडीने हलके ठोके द्यायचे, पुन्हा तेल. ही रात्र कथेत येऊ द्या. घाई झालेला अधिकारी आणि थांबा म्हणणारा उस्ताद यांचा वाद इथेच रंगतो. दिवटीने तापवायचा मोह मात्र आवरा, आतलं जळेल.

किल्ली करायची रीतही दाखवा. कोरी किल्ली दिव्यावर धरून काजळी धरायची, आत घालून हलकेच फिरवायची, बाहेर काढून पाहायची. आतले अडथळे जिथे घासले तिथली काजळी पुसलेली दिसते. तेवढंच कानशीने कमी करायचं, परत काजळी, परत आत. एका परिच्छेदात हे दोन-तीनदा होऊ द्या. चौथ्यांदा फिरताना हाताला जडपणा जाणवतो, पण अडथळा नाही. कुलूपवाल्याच्या दृष्टीने ‘उघडलं’ ते इथे; झाकण उचलणं नुसतं ताकदीचं काम.

माणसंच नसलेला किल्ला

आजची कथा असेल तर वसईचा किल्ला संरक्षित स्मारक आहे. तिथे खणून पेटी घरी नेणारा नायक गुन्हा करतोय. शिवाय 1878च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जमिनीत सापडलेला दहा रुपयांहून जास्त किमतीचा ठेवा जिल्हाधिकाऱ्यांना कळवावा लागतो. म्हणून पंच, पोलीस, पुरातत्त्व खात्याचा माणूस सगळे भोवती उभे करा. पंचनाम्यात कुलूपवाल्याची सही लागते म्हटल्यावर उस्ताद दिनूला पुढे करतो, या एका ओळीत दोघांचं नातं येतं.

आतलं कोरं करकरीत पत्र

अडीचशेहून जास्त पावसाळे काढलेल्या पेटीतून सुवाच्य पत्र निघत नाही. ओल, बुरशी आणि गंज कागदाचा लगदा करतात. चांदी काळी पडते, तांब्यावर हिरवा थर येतो, सोनं तसंच राहतं. कथेला शब्द हवेच असतील तर धातूवर कोरलेले द्या: मुद्रेची अंगठी, नाण्यावरचा शिक्का. आणि पेटी रिकामी निघणार असेल तर कोणी, कधी, कोणत्या किल्लीने ती आधी उघडली याची खूण दिनूने काम करताना पाहिलेली हवी, म्हणजे आतल्या अडथळ्यांवर एखादा जुना ओरखडा, जो त्याच्या कानशीचा नाही.