फोन हरवला, ऑथेंटिकेटरही गेला: नव्या फोनवर कोड परत कसे आणावेत

फोन हरवला की आपण आधी त्याच नंबरचं नवं सिम काढतो. ते काढाच, पण लॉगिनच्या दुसऱ्या पायरीसाठी ऑथेंटिकेटर अ‍ॅप दाखवतं ते सहा आकडी कोड त्याने परत येत नाहीत. क्यूआर कोड स्कॅन करताना अ‍ॅपमध्ये एक गुप्त की साठवली जाते. ती की आणि घड्याळातली वेळ यांवरून साधारण दर 30 सेकंदांनी नवा कोड तयार होतो. मोबाइल नंबरचा त्यात काही संबंध नाही.

Google Authenticator मध्ये 2023 पासून या की गूगल खात्यात सिंक करता येतात. सिंक चालू असेल, तर नव्या फोनवर अ‍ॅपमध्ये त्याच खात्याने लॉगिन केलं की सगळे कोड दिसतात. पण त्या खात्यात शिरायलाच दुसरी पायरी पार करावी लागते, आणि तिचा कोड हरवलेल्या फोनवर! कपाटाची किल्ली कपाटातच राहावी तसं. ही कोंडी आधीच काढून ठेवलेला बॅकअप कोड फोडतो.

गूगल एका वेळी 8 आकडी 10 बॅकअप कोड देतं. प्रत्येक कोड एकदाच चालतो. पासवर्ड टाकल्यावर दुसरी पायरी आली की Try another way वर जा, बॅकअप कोडचा पर्याय निवडा आणि कागदावरचा कोड टाका. वापरलेल्या कोडवर लगेच काट मारा.

आत गेल्यावर आधी डिव्हाइसच्या यादीतून हरवलेला फोन साइन आउट करा. मग 2-Step Verification मध्ये Authenticator उघडून Change authenticator app निवडा, नवा क्यूआर कोड नव्या फोनने स्कॅन करा आणि अ‍ॅपने दाखवलेला कोड टाकून खात्री करा. तो चुकीचा ठरला, तर फोनची तारीख-वेळ ऑटोमॅटिकवर आहे का पाहा. घड्याळ मागेपुढे असलं तर कोड नाकारला जाऊ शकतो.

सिंकमुळे सगळे कोड परत आले की काम संपलं असं वाटतं. तिथे थांबू नका. परत आलेल्या की जुन्याच असतात, म्हणजे हरवलेला फोन कोणी उघडला तर त्यालाही तेच कोड दिसू शकतात. म्हणून ईमेल, बँक, गिटहब अशा प्रत्येक ठिकाणी जाऊन ऑथेंटिकेटर नव्याने जोडा. तसं केलं की त्या साइटसाठी जुनी की बाद होते.

सिंक नव्हतं, तर प्रत्येक साइटचा वेगळा बॅकअप कोड लागेल. गूगलचा कोड गिटहबला चालत नाही. एखाद्या साइटवर जुन्या लॅपटॉपवरून अजून लॉगिन असाल, तर लॉगआउट न करता तिथूनच सेटिंग बदलून पाहा.

शेवटी गूगलचे नवे बॅकअप कोड काढा. त्याबरोबर जुना संच रद्द होतो. नवे कोड छापून घरी महत्त्वाच्या कागदपत्रांच्या फायलीत ठेवा. फोनमधला स्क्रीनशॉट फोनबरोबरच जातो.