'करार' नसलेल्या कराराचा अनुवाद

दोन विद्यापीठांमधल्या सामंजस्य कराराचा इंग्रजीतून मराठी अनुवाद मी पहिल्यांदा केला, तेव्हा चार पानांचा मजकूर दोन दिवसांत हातावेगळा झाला. आठवड्याभराने तो कुलसचिवांच्या कार्यालयातून परत आला. एका कलमाशेजारी पेन्सिलीने लिहिलं होतं, "पाच विद्यार्थ्यांचा खर्च कोण करणार?"

मी लिहिलं होतं, "निधीच्या उपलब्धतेनुसार दोन्ही विद्यापीठे दरवर्षी पाच विद्यार्थ्यांची देवाणघेवाण करतील." मूळ पुन्हा वाचल्यावर एकाच वाक्यात तीन घसरणी दिसल्या. मुळात पाच ही कमाल मर्यादा होती, माझ्याकडे ती ठरलेली संख्या झाली. देवाणघेवाणीचा 'विचार करू शकतील' एवढंच म्हटलं होतं, त्याचं मी 'करतील' केलं. आणि निधी ही अट होती. 'उपलब्धतेनुसार' म्हटल्यामुळे देवाणघेवाण ठरलेलीच आहे, निधीप्रमाणे फक्त कमीजास्त होईल, असा अर्थ निघत होता. दुरुस्त वाक्य असं झालं: "निधी उपलब्ध असल्यास, दोन्ही विद्यापीठे दरवर्षी जास्तीत जास्त पाच विद्यार्थ्यांच्या देवाणघेवाणीचा विचार करू शकतील." पाच एकूण की प्रत्येकी, हे मुळात स्पष्ट नव्हतं. ते मी अंदाजाने भरलं नाही, कार्यालयाला विचारलं. तिढा मुळातला असेल तर तो सोडवायचा अधिकार सह्या करणाऱ्यांचा, आपला नाही.

मराठीत खरी अडचण क्रियापदाची आहे. इंग्रजी मसुद्यात 'शॅल' म्हणजे बंधन आणि 'विल' म्हणजे नुसता इरादा, असा फरक बऱ्याचदा मुद्दाम राखलेला असतो. ब्रिटिश परराष्ट्र खात्याच्या मार्गदर्शनातही अबंधनकारक दस्तऐवजासाठी 'शॅल' टाळून 'विल' वापरायला सांगितलं आहे, आणि 'पक्ष' या अर्थाच्या शब्दाऐवजी 'सहभागी' या अर्थाचा. आपल्याकडे दोन्हींचं 'करतील' होतं आणि फरक नाहीसा होतो. म्हणून मी भाषांतराला बसण्यापूर्वी मुळातलं प्रत्येक मुख्य क्रियापद रंगाने खुणावते आणि प्रत्येकासाठी एकच मराठी रूप ठरवते. बंधन असेल तिथे 'करणे बंधनकारक राहील', इरादा असेल तिथे 'करण्याचा मानस आहे', मुभा असेल तिथे 'करू शकतील', आणि प्रयत्नापुरतं असेल तिथे 'करण्याचा प्रयत्न करतील'. 'मानस आहे' दहा वेळा आलं की वाक्यं कंटाळवाणी होतात. होऊ द्यावीत. शैलीसाठी एका ठिकाणी 'करतील' लिहिलं, तर वाचणारा वकील तिथे काहीतरी वेगळं ठरलंय असंच समजणार.

पण सगळंच मऊ करायचं नाही, हे मला उशिरा कळलं. अशा दस्तऐवजात बहुधा एक कलम म्हणतं की यातून कायदेशीर बंधन निर्माण होत नाही, 'गोपनीयता व बौद्धिक संपदा यांविषयीची कलमे वगळून'. म्हणजे त्या कलमांतलं 'शॅल' खरोखरचं आहे. तिथे 'मानस आहे' लिहिणं ही तितकीच मोठी चूक. अपवाद कोणत्या कलमांचा आहे ते आधी बघून घ्या, मगच रंग लावा.

शीर्षकातही एक खाच आहे. मराठीत 'सामंजस्य करार' हाच शब्द रुळलेला आहे, पण 'करार' म्हटलं की बंधन आलंच. त्यातच मसुद्यात पुढे असतं की प्रत्येक उपक्रमासाठी स्वतंत्र करार करण्यात येईल. मग 'या करारानुसार' आणि 'स्वतंत्र करारानुसार' यांत वाचणारा गोंधळतो, आणि 'हा करार बंधनकारक करार नाही' असं विचित्र वाक्य तयार होतं. शीर्षक रुळलेलंच ठेवून आत सगळीकडे 'हा दस्तऐवज' म्हणायचं आणि 'करार' हा शब्द फक्त त्या पुढच्या बंधनकारक कागदासाठी राखून ठेवायचा, हा मार्ग मी धरला. पहिल्याच कलमात तशी व्याख्या घालायला मात्र कार्यालयाची संमती घेते, कारण मुळात नसलेलं वाक्य मी परस्पर घालू शकत नाही.

सहकार्याच्या व्याप्तीचं कलम वरवर सोपं दिसतं. 'पुढील बाबींसह, परंतु त्यांपुरते मर्यादित नाही' या अर्थाचा शब्दप्रयोग तिथे असतो. त्याचं नुसतं 'पुढील क्षेत्रांत सहकार्य राहील' केलं की यादी बंद होते आणि उद्या संयुक्त कार्यशाळा घ्यायची म्हटलं तर ती व्याप्तीबाहेर जाते. उलट मूळ यादी बंद असेल तर शेवटी सवयीने 'इत्यादी' चिकटवू नका. 'संयुक्त पदवी' आणि 'दुहेरी पदवी' यांतही काळजी घ्या. पहिलीत दोन्ही विद्यापीठं मिळून एकच पदवी देतात, दुसरीत प्रत्येक विद्यापीठ आपली वेगळी.

भाषेचं कलम शेवटच्या पानावर असतं, पण मी आता ते आधी वाचते. दोन्ही भाषांतले मजकूर सारखेच अधिकृत आहेत असं तिथे असेल, तर सही माझ्या मराठी वाक्याखालीही होणार असते. तसं असेल तेव्हा मी मूळ बाजूला ठेवून एका सहकाऱ्याला फक्त मराठी प्रत देते आणि विचारते, "यात कोणाला काय करावंच लागेल, ते सांग." त्याची यादी मुळातल्या बंधनकारक कलमांपेक्षा एका ओळीनेही लांब निघाली, तर ती ओळ मी पुन्हा लिहायला घेते.