पहिल्यांदा जिमला जाताय? मग सोमवारी संध्याकाळी सातला जाऊ नका

गोव्यातल्या फोंड्यात आमच्या जिममध्ये दर जानेवारीत नवीन पोरं येतात आणि पाऊस सुरू झाला की पुन्हा नवी येतात, कारण पावसात बाहेर चालणं-पळणं बंद पडतं. दरवेळी तोच प्रकार होतो. संध्याकाळचे सात वाजलेले, आत पाय ठेवायला जागा नाही, नवा माणूस दारातून येतो, पाण्याच्या कूलरपाशी उभा राहतो, मोबाइल काढून उगाच बघत बसतो, मग ट्रेडमिल रिकामी दिसली की तिच्यावर चढतो आणि अर्ध्या तासाने घरी. आठवड्याभरात गायब. विचारलं की म्हणतो, सगळे माझ्याकडंच बघत होते.

बघत नव्हते हो. जिममधला माणूस एक सेट मारतो, म्हणजे एक व्यायाम सलग काही वेळा करतो, आणि मग मिनीट-दोन मिनीटं दम खात बसतो, तेव्हा त्याची नजर कुठंतरी पडणारच, आरशात पडेल, पंख्यावर पडेल, तुमच्यावर पडेल. तो मनात सेट मोजत असतो. खरी अडचण अशी की नव्या माणसाला आता पुढं काय करायचं आणि कुठं उभं राहायचं तेच माहीत नसतं, आणि त्या गोंधळात प्रत्येक नजर अंगावर आल्यासारखी वाटते. हे आधी घरी ठरवून गेलं तर अर्धी धडधड तिथंच कमी होते, पण ठरवून कोणी जात नाही, म्हणून हे लिहितोय.

वेळेची चूक

सोमवारी बहुतेक सगळी पोरं चेस्ट मारतात, त्यामुळे बेंच आणि चेस्ट प्रेसपाशी रांग लागते. त्यात आमच्याकडं कुंडई-बेतोड्याच्या कारखान्यांची शिफ्ट सुटली की ती मंडळी थेट जिमला येतात, दुकानं-ऑफिसवाले सात-साडेसातला येतात. नवीन माणूस नेमका हाच मुहूर्त धरतो कारण "सोमवारपासून सुरू" असं त्याने ठरवलेलं असतं. अरे, बुधवारपासून कर, शनिवारपासून कर, शरीराला वार कळत नाही.

गोव्यात लहान जिम दुपारी बऱ्याचदा बंद असतात आणि चारच्या सुमारास परत उघडतात. ते उघडल्यानंतरचा पहिला तास आणि सकाळी दहाच्या पुढची वेळ साधारण मोकळी असते. शनिवारी संध्याकाळीही गर्दी ओसरते. तरी प्रत्येक जिमचं वेगळं असतं म्हणून काउंटरवर सरळ विचारा, "सगळ्यात मोकळं कधी असतं?" "कधीही या" हे उत्तर मिळालं तर ट्रेनरला विचारा, त्याला बरोब्बर माहीत असतं. बायकांसाठी वेगळी वेळ आहे का तेही तिथंच विचारून घ्या, काही ठिकाणी असते.

आणि नोकरीमुळे तुम्हाला रोज साडेसातलाच जमणार असेल तरी पहिल्या दोन-तीन खेपा मोकळ्या वेळेत काढाच, सुट्टीच्या दिवशी का होईना. मशीन ओळखीची झाली की गर्दीचं एवढं काही वाटत नाही.

व्हिडिओ बघून प्लॅन

ही माझ्या सगळ्यात डोक्यात जाणारी चूक. माझ्या मावसभावाने हेच केलं. डिचोलीला राहतो, तिथल्याच एका जिममध्ये वर्षाचे पैसे एकदम भरले आणि सोमवारी संध्याकाळी गेला. मोबाइलवर कुणाचातरी चेस्टचा व्हिडिओ सेव्ह केलेला, सहा व्यायाम आणि सहाच्या सहा बेंचवरचे. बेंच होते दोन, दोन्हीवर माणसं. हा वाट बघत ट्रेडमिलवर पळत राहिला आणि तिथंच दमला. मग एकजण बेंचवरून उठून गेला, प्लेटा न काढता. एका बाजूला दहा, दुसऱ्या बाजूला दहा. याने हिशेब केला, वीस किलो म्हणजे हलकंच की, आणि झोपला बेंचवर.

पण तो लांब ऑलिम्पिक रॉडच मुळात 20 किलोचा असतो. म्हणजे पहिल्याच दिवशी, दमलेल्या अंगाने, हा 40 किलो घेऊन झोपलेला, मागं पकडायला कोणी नाही. दोन वेळा वर गेला, तिसऱ्या वेळी रॉड छातीवर येऊन बसला. दोन्हीकडं क्लिप लावलेल्या त्यामुळे तिरका करून प्लेटा पाडताही येईनात. शेजारच्या दोघांनी धावत येऊन उचलला. लागलं काही नाही, पण त्यानंतर किती महिने त्याने जिमचं नाव काढलं नाही. ट्रेनर तेव्हा दुसऱ्या कोपऱ्यात चौघांना सांभाळत होता, त्यालाही दोष देऊन उपयोग नाही, त्या वेळेला तसंच असतं.

व्हिडिओ करणाऱ्याकडं मोकळी जिम असते, तुमच्याकडं नसते. सगळे व्यायाम एकाच वस्तूवर अवलंबून असलेला प्लॅन गर्दीत पाचव्या मिनिटाला कोसळतो. आणि पहिल्या दिवशी एकटं असताना रॉडने बेंच प्रेस करूच नका, ह्या बाबतीत मी कुणाचं ऐकत नाही.

मग जायचं कसं

नंतर त्याच मावसभावाला मी एका बुधवारी चारला फोंड्याला बोलावलं. त्याच्या आदल्या दिवशी नुसता येऊन बघून जा म्हटलं. "नुसतं बघायला कोण जातं दादा?" म्हणाला. गेला पण. पंधरा मिनीटं पुरतात. चपला-बूट कुठं, सामान कुठं ठेवायचं, बाथरूम कुठं, हलके डंबेल कुठल्या रॅकवर, आणि चार मशीन कुठं आहेत: पायांनी ढकलायचा लेग प्रेस, बसून करायचा चेस्ट प्रेस, वरचा दांडा खाली ओढायचं लॅट पुलडाउन आणि बसून ओढायचं रोइंग. मोकळ्या वेळेत ट्रेनर या चारही मशीनची सीट आणि वजन ठरवणारी पिन दाखवतो, गर्दीत बिचाऱ्याला दाखवायचं असूनही जमत नाही.

दुसऱ्या दिवशी कागदावर चार ओळी लिहून आणायला लावल्या आणि प्रत्येक ओळीपुढं एक पर्याय. लेग प्रेस अडलेला असेल तर पाच किलोचा डंबेल छातीशी धरून बाकावर बसायचं-उठायचं. चेस्ट प्रेस अडला तर बाकाच्या कडेवर हात टेकून पुशअप. पुलडाउन किंवा रोइंग अडलं तर एक हात बाकावर टेकून दुसऱ्या हाताने डंबेल ओढायचा. पर्याय लिहिलेला असला की कूलरपाशी उभं राहायची वेळच येत नाही, नव्या माणसाला सगळ्यात उपयोगी पडणारी गोष्ट मला विचाराल तर हीच.

पाच-सात मिनीटं ट्रेडमिलवर नुसतं चालणं, ताशी पाच किलोमीटरच्या आसपास, लाल दोरीची सेफ्टी क्लिप कपड्याला लावून. मग चेस्ट प्रेस. सीट इतकी वरखाली करायची की हँडल छातीच्या मध्यावर यावेत, खांद्याजवळ आले तर सीट खाली आहे, वर घ्या. पिन सगळ्यात वरच्या एक-दोन प्लेटांखाली, आणि पूर्ण आत गेलीय ना ते बोटाने दाबून बघायचं. दहा-बारा वेळा केल्यावर अजून तीन-चार सहज झाले असते असं वाटलं पाहिजे. तेवढं वजन बरोबर. चेहरा वाकडा व्हायला लागला किंवा पाठ सीटवरून सुटली की जास्त आहे, पिन वर घ्या. पुलडाउनला मांड्यांवरची गादी घट्ट बसवायची आणि दांडा छातीच्या वरच्या भागापर्यंत ओढायचा, मानेमागं नाही.

प्रत्येकाचे दोनच सेट, मधे दीड मिनीट आराम. पिनपाशी लिहिलेला आकडा कागदावर टिपून ठेवायचा, पुढच्या वेळी तिथूनच सुरुवात होते. तो आकडा एका मशीनचा दुसऱ्याला लागू होत नाही, पुलीची रचना वेगळी असते आणि कुठं किलो असतात कुठं पाउंड, त्यामुळे शेजारच्याच्या आकड्याशी तुलना करून मनाला लावून घेऊ नका. चाळीस मिनिटांत सगळं आटोपलं. "एवढंच?" म्हणाला. हो, एवढंच.

त्या दिवशी मोकळ्या वेळेतही पुलडाउनवर एक दांडगा माणूस बसलेला, कानात हेडफोन, बाजूचे सगळे पर्यायही अडलेले. मावसभाऊ मागं फिरायला लागला. मी त्याला सांगितलं, सेट चालू असताना बोलू नकोस, संपला की समोरून दिसेल असा हात कर आणि विचार. त्याने विचारलं, "भाई, कितले सेट उरल्यात?" त्या माणसाने हेडफोन काढून सांगितलं, "आनीक दोन, येवन मार मदीं." दोघांनी आलटून पालटून केलं, एकाचा आराम तो दुसऱ्याचा सेट. मशीनवर फक्त पिन बदलायची असते म्हणून हे सोपं जातं, जड प्लेटांच्या रॉडवर मात्र थांबलेलंच बरं. आणि बाकावर नॅपकिन किंवा बाटली ठेवलेली असली म्हणजे ती जागा धरलेली आहे, न विचारता बसू नका. भांडणं इथूनच होतात.

बाकीच्या चुका

उपाशीपोटी जाणं किंवा शीत-कडी भरपेट जेवून लगेच जाणं, दोन्ही वाईट. जेवणानंतर दोन-तीन तास जाऊ द्या, मधे भूक लागली तर केळं.

मित्राने दिलेली प्री-वर्कआउट पावडर पहिल्या दिवशी घेणं. त्यात बहुतेक वेळा भरपूर कॅफीन असतं. आधीच धडधडतंय, त्यात हे कशाला?

पावसात घातलेले बूट तसेच आत नेणं. फरशी ओली होते, घसरतं. वेगळी जोडी पिशवीत ठेवा, घाम पुसायला नॅपकिनही.

रॅकवरच्या रॉडच्या एकाच बाजूच्या सगळ्या प्लेटा काढणं. दुसरी बाजू खाली येते आणि रॉड उडतो. दोन्हीकडून थोड्या थोड्या काढा.

पळता पळता ट्रेडमिल एकदम बंद करून उतरणं. चक्कर येते. दोन मिनीटं हळू चाला.

वर्षाचे पैसे आधी भरणं. आधी महिन्याचे भरा, घाई काय आहे?

बीपी, शुगर, हृदयाचं काही असेल तर डॉक्टरला विचारूनच या.

दुसऱ्या दिवशी

अंग दुखणार. ते दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जास्त जाणवतं आणि मग उतरतं. पहिल्याच दिवशी आठ व्यायाम चार-चार सेट मारणारे उतावळे इथंच सापडतात, जिना उतरवत नाही, हात डोक्यापर्यंत जात नाही, आणि जिम आपल्याला झेपत नाही असं ठरवून मोकळे होतात. दोन सेटवाल्याला थोडं आखडल्यासारखं होतं, चालताफिरता येतं. दुखणं भयंकर असेल, स्नायू सुजले असतील किंवा लघवी चहासारखी गडद झाली तर मात्र घरगुती उपाय करत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा, स्नायू जास्त तुटून किडनीला त्रास होऊ शकतो.

नाहीतर एक-दोन दिवस सोडून परत तोच कागद घेऊन जा. तीच चार मशीन, तोच आकडा, तीच मोकळी वेळ. वजन वाढवायचं ते दोन्ही सेट बारापर्यंत आरामात जायला लागले की, आणि एका वेळी एकच प्लेट.