बरणीचं झाकण फुगलंय? फेकण्याआधी हे बघा

मिठाच्या पाण्यात आंबवायला ठेवलेल्या गाजर-कोबीच्या बरणीचं झाकण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी फुगलं, की भाजी बिघडली असं वाटतं. बहुतेक वेळा तो आंबवण्यातून तयार झालेला कार्बन डायऑक्साइड असतो.

१. बरणी ताटात ठेवा, वर कापड टाका आणि झाकण अगदी थोडं सैल करा. फुस्स आवाज थांबला की मगच पूर्ण उघडा, नाहीतर पाणी ओट्यावर.

२. आधी वास घ्या. स्वच्छ आंबट वास, गढूळ पाणी, बुडबुडे, तळाशी पांढरा साका हे सगळं ठीक. वर पांढरी, सपाट, पातळ साय असेल तर ती यीस्ट, काढून टाका.

३. लोकरीसारखी किंवा हिरवी, काळी, गुलाबी बुरशी, बुळबुळीत भाजी, कुजका वास, यांपैकी एकही दिसलं तर सगळी बरणी टाका. चव घेऊन खात्री करू नका.

४. भाजी पाण्याखाली दाबून झाकण लावा. पहिला आठवडा रोज हवा सोडा.

हे फक्त आंबवलेल्या भाजीसाठी. उकळून हवाबंद केलेली बरणी फुगली तर न उघडताच टाका. तिथे बोट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेचा धोका असतो.